पेटी उघडली आणि वेल्डिंगच्या दुकानाचा वास आला

आज आपण आंब्याविषयी बोलणार आहोत. पण लोणचं नाही, मुरंबाही नाही. कार्बाइड घालून पिकवलेला आंबा ओळखायचा कसा आणि बाजारातून आणलेलं फळ धुवायचं, सोलायचं कसं, एवढंच आज बोलू.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगते. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात कुणी तोंडाला लावत नाही. तुमच्यापैकी पुष्कळ घरांत हीच रीत असेल. त्यामुळं सणाच्या आधी दोन दिवस सगळ्यांचीच धावपळ. आम्ही तिघी जावांनी मिळून शहरातून चार डझनांची एक पेटी आणली. देवगडचा माल म्हणून सांगितलं होतं. रंग म्हणाल तर पेटीभर एकसारखा पिवळाधमक. घरी येऊन झाकण काढलं, तर आंब्याचा घमघमाट यायला पाहिजे होता, तो आलाच नाही. आला तो लसणीसारखा उग्र वास. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, हा वास मी उद्यमनगरात घेतलाय. गॅस वेल्डिंगच्या दुकानापुढनं जाताना येतो बघा, तसाच."

तिचं म्हणणं बरोबर निघालं. वरचा थर उचलला, तर खालच्या गवतात वर्तमानपत्राच्या कागदाच्या दोन पुड्या. एका पुडीत राखाडी खडे आणि पांढरट भुकटी, दुसरीत सगळी भुकटीच झालेली. आजूबाजूच्या चार-पाच आंब्यांना ती पांढरी भुकटी चिकटलेली होती.

त्या खड्यांचं नाव कॅल्शियम कार्बाइड. आपल्याकडे नुसतं कार्बाइड म्हणतात. ही वस्तू मुळात खाण्याच्या कामाची नाहीच. त्याला पाणी लागलं की ते गरम होतं, त्यातून अॅसिटिलीन नावाचा गॅस निघतो आणि मागं चुन्यासारखा पांढरा गाळ राहतो. याच गॅसच्या ज्योतीवर लोखंड कापतात आणि जोडतात. कोल्हापूर म्हणजे फाउंड्री आणि वर्कशॉपचं गाव, त्यामुळं हा वास आपल्याला नवा नाही. फक्त तो आंब्याच्या पेटीतून येईल असं वाटत नाही.

आता हा गॅस आंबा पिकवतो कसा, ते समजून घेऊ. झाडावरून उतरवलेला आंबा मेलेला नसतो, त्याचा श्वास चालू असतो. तो तयार झाला की स्वतःच एक वायू सोडायला लागतो. त्याला इथिलीन म्हणतात. या इथिलीनमुळं सालीचा हिरवा रंग जातो, गर मऊ होतो आणि आतल्या पिठाची साखर होते. एक फळ पिकलं की शेजारचंही पिकतं, हे आपण आढीत बघतोच. केळी, पपई, चिकू यांचंही असंच आहे. द्राक्ष, डाळिंब, संत्री मात्र तोडल्यावर पुढं पिकत नाहीत, म्हणून त्यांच्यात हा प्रकार होत नाही.

कार्बाइडचा अॅसिटिलीन गॅस त्या इथिलीनची नक्कल करतो. पेटीत पुडी ठेवली की फळाच्या श्वासातल्या आणि हवेतल्या ओलाव्यानं गॅस निघत राहतो आणि दोन-तीन दिवसांत साल पिवळी होते. साल फसते, पण आतला गर तितका फसत नाही. हापूस नीट तयार होऊन उतरवला तर आढीत आठ-दहा दिवस घेतो. तेवढे दिवस थांबायला व्यापाऱ्याची तयारी नसते, कारण हंगामाच्या सुरुवातीला आणि सणाला भाव असतो. मग कोवळा, कच्चा माल उतरवायचा, कच्चा असल्यामुळं तो गगनबावड्याच्या घाटानं येताना दबतही नाही, आणि इथं आल्यावर पुडी टाकून रंग आणायचा. म्हणजे आपलं नुकसान दोन प्रकारचं. एक तर कोवळं, बेचव फळ पिकल्याच्या भावानं गळ्यात पडतं, आणि वर विषाची भीती.

विष कुठलं? बाजारात मिळणारं कार्बाइड कारखान्यासाठी बनवलेलं असतं, ते शुद्ध नसतं. त्यात आर्सेनिक म्हणजे सोमल आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. तो लसणीसारखा वास येतो तो मुख्यतः या भेसळीचाच. हे अंश गॅसबरोबर आणि भुकटीबरोबर फळावर येतात. अशा फळानं तोंड आणि घसा जळजळणं, तोंड येणं, मळमळ, उलटी, जुलाब, डोकं दुखणं, चक्कर असे त्रास होऊ शकतात. सोमल थोडं थोडं पुष्कळ दिवस पोटात जाणं तर त्याहून वाईट. आणि जो हमाल किंवा जी बाई या पुड्या हातानं भरते, तिच्या हाताची कातडी, डोळे आणि छाती यांना पहिला त्रास होतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं पोरांनी पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून फटाक्याच्या बंदुका केल्या होत्या, त्यात कित्येक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. हीच ती वस्तू.

म्हणून कायद्यानं यावर पूर्ण बंदी आहे. बंदी जुनीच होती, आणि २०११ च्या अन्न सुरक्षेच्या नियमांत ती पुन्हा स्पष्ट लिहिली आहे की कार्बाइडच्या गॅसनं पिकवलेलं फळ कुणी विकायचं नाही. थोडं वापरलं तर चालतं, असं काही नाही. मे २०२४ मध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात, केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं व्यापाऱ्यांना पुन्हा ताकीद दिली होती.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, म्हणजे उगाच कुणा प्रामाणिक व्यापाऱ्याशी भांडण होणार नाही. फळ लवकर पिकवणं हाच गुन्हा, असं नाही. इथिलीन गॅसनं फळ पिकवायला २०१६ पासून सरकारची परवानगी आहे. बंद, थंड खोलीत हा गॅस हवेच्या दहा हजार भागांत एक भाग, इतकाच सोडायचा असतो. त्याला रायपनिंग चेंबर म्हणतात. फळ स्वतः जो वायू सोडतं, तोच हा वायू, त्यामुळं त्यात कार्बाइडसारखी भेसळ नसते. छोट्या व्यापाऱ्यांसाठी इथिलीन सोडणाऱ्या पावडरीच्या छापील पुड्याही मिळतात. त्या पुडीचा फळाला थेट स्पर्श होता कामा नये, एवढी अट आहे. म्हणून पेटीत पुडी दिसली म्हणजे कार्बाइडच, असं लगेच म्हणू नका. छापील, शिवलेली, आत मऊ पावडर असलेली लहान पाकिटं वेगळी. आणि वर्तमानपत्रात नाहीतर फडक्यात बांधलेले राखाडी खडे, लसणीचा वास, चुन्यासारखी भुकटी, हे वेगळं. खात्री करायला म्हणून त्यावर पाणी मात्र टाकू नका. चुलीजवळ तर मुळीच नाही, तो गॅस पेट घेतो.

आता ओळखायचं कसं? मोबाइलवर पुष्कळ युक्त्या फिरतात. मी तुम्हाला सरळच सांगते, एका खुणेवरून घरच्या घरी "यात कार्बाइड आहे" असं छातीठोक सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेचं काम आहे. पण चार-पाच खुणा एकत्र दिसल्या की शहाण्या बाईनं ते फळ घ्यायचं नाही, एवढं नक्की ठरवता येतं. या खुणा मी क्रमानं सांगते. आधी नाक, मग डोळा, मग हात, आणि घरी आल्यावर सुरी आणि जीभ.

पहिलं नाक. आंबा देठाजवळ नाकाशी धरा. आपोआप पिकलेल्या हापूसचा वास हातभर लांबून येतो. रंग पूर्ण पिवळा आणि देठाशी वास काहीच नाही, तर शंका घ्या. लसणीसारखा किंवा वेल्डिंगच्या दुकानासारखा वास आला, तर पेटी तिथंच ठेवा. मात्र दुकानदारानं आंबे पुसून उघड्यावर मांडले असतील तर हा वास उडून जातो. म्हणून शक्य असेल तर सुटे घेण्याऐवजी पेटी समोर उघडून घ्या.

दुसरा डोळा. आढीतल्या चार डझन आंब्यांत एक पूर्ण पिवळा, एक अर्धा हिरवा, एकाच्या खांद्यावर केशरी झाक, असं कमीजास्त असतंच. कारण सगळी फळं एकाच दिवशी तयार होत नाहीत. सगळी पेटी एकाच रंगात रंगवल्यासारखी दिसली तर ती शंकेची जागा. पण चेंबरमध्ये इथिलीननं पिकवलेला मालही बराच एकसारखा दिसतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. उलट लंगड्यासारखे काही आंबे पिकले तरी हिरवट राहतात, म्हणून हिरवा म्हणजे कच्चा असंही नाही. साल नीट बघा. पांढरी किंवा राखाडी भुकटी देठाच्या खळगीत बसलेली आहे का? भाजल्यासारखे काळे डाग आहेत का? असं फळ घेऊ नका.

तिसरा हात. तयार झालेल्या आंब्याचे खांदे भरलेले असतात. म्हणजे देठाच्या दोन्ही बाजू फुगून देठापेक्षा वर येतात आणि देठ खळगीत बसल्यासारखा दिसतो. कोवळ्या आंब्याचे खांदे उतरते असतात, देठ वरच उभा राहतो. रंग पिवळा आणि खांदे उतरते, म्हणजे कोवळं फळ जबरदस्तीनं पिवळं केलंय, हे जवळजवळ नक्की. मला विचाराल तर सगळ्यात भरवशाची खूण हीच, कारण रंग बदलता येतो, फळाचा आकार नाही. दाबून बघितलं तर असं फळ कुठं मऊ आणि कुठं दगडासारखं लागतं.

पाण्याच्या परीक्षेविषयी सगळ्याजणी विचारतात. आंबा बादलीत टाकला आणि तरंगला की कार्बाइडचा, बुडाला की चांगला, असं म्हणतात. यात अर्धं खरं आहे. तयार फळ पाण्यापेक्षा जड असतं म्हणून बुडतं, कोवळं फळ हलकं असतं म्हणून तरंगतं. म्हणजे ही परीक्षा कोवळेपणाची आहे, कार्बाइडची नाही. तरंगणारा आंबा बाजूला काढा, ते बरोबरच. पण बुडला म्हणून तो निर्धोक ठरत नाही, कारण तयार आंब्यालाही कुणी पुडी लावलेली असू शकते.

चौथी सुरी. कापल्यावर आपोआप पिकलेल्या हापूसचा गर सालीपासून कोयीपर्यंत एकसारखा केशरी दिसतो. जबरदस्तीच्या आंब्यात सालीखाली पिवळा आणि कोयीजवळ पांढरट, करकरीत गर असतो. आणि शेवटी जीभ. गर आंबट किंवा पिठूळ लागला, गोडी नाही, आणि खाल्ल्यावर जीभ किंवा ओठ चुरचुरले, तर दुसरी फोड खाऊ नका. सालीच्या चिकानंही ओठ चुरचुरतात, हे खरं. पण चीक असो की कार्बाइड, दोन्हींवर उपाय तोच. तोंड धुवायचं आणि ते फळ बाजूला ठेवायचं.

आता आमच्या पेटीकडं परत येऊ. भुकटी बघितल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "दोन हजार रुपये दिलेत. टाकून कसं चालंल? धुऊन घेऊ की चांगलं." हा प्रश्न प्रत्येक घरात येणार आहे, म्हणून त्याचं उत्तर स्पष्ट देते. ज्या पेटीत कार्बाइडची पुडी प्रत्यक्ष सापडली किंवा फळावर भुकटी दिसली, ती पेटी धुऊनसुद्धा खायची नाही. धुण्यानं सालीवरची भुकटी जाते, साल काढल्यानं सालीतलं जातं. पण गॅसबरोबर जे आत गेलं ते पाण्यानं निघत नाही. मिठाचं पाणी, खायचा सोडा, व्हिनेगर, हळद, यांतल्या कशानंही सोमल नाहीसं होत नाही. धुण्यासोलण्यानं धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून धुणं-सोलणं हे कशासाठी, तर बाजारातल्या ज्या फळाविषयी आपल्याला काहीच कळत नाही, त्याच्यासाठी.

आम्ही पेटी बांधली आणि पुड्यांसकट परत नेली. आधी दुकानदार म्हणाला, माल वरूनच असा आलाय. आम्ही तिघी होतो आणि पुड्यांचा फोटो काढून ठेवला होता. शेवटी त्यानं पैसे परत दिले. एकटी बाई गेली असती तर दिले असते की नाही, सांगता येत नाही. सणाला त्या वर्षी आम्ही परड्यातल्या झाडाचा रायवळ आंबा दाखवला. पितरांनी काही तक्रार केली नाही.

आता रोजच्या फळासाठी धुण्याची रीत सांगते. समजा तुम्ही डझनभर आंबे आणलेत, खुणा काही वाईट नाहीत, पण कुठं पिकले ते माहीत नाही. पहिली गोष्ट, आंबे सरळ घमेल्यात पाणी भरून टाकू नका. एखाद्यावर काही लागलेलं असेल तर ते पाण्यात सुटून सगळ्यांना लागतं. आधी कोरड्या फडक्यानं प्रत्येक आंबा पुसा, देठाची खळगी नीट पुसा. हे अंगणात करा, स्वयंपाकघरात नको, आणि ते फडकं पुन्हा भांड्याला वापरू नका.

मग एक एक आंबा वाहत्या पाण्याखाली धरून दोन्ही हातांनी चोळा, मिनिटभर तरी. नळ नसेल तर एकीनं तांब्यानं धार धरावी, दुसरीनं चोळावं. देठाच्या खळगीत बोट फिरवा, कारण भुकटी आणि चीक दोन्ही तिथंच साठतात. साबण किंवा भांड्याची पावडर वापरू नका, फळाची साल ती पिते. असे धुतलेले आंबे मग स्वच्छ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. आपल्या आज्या आंबे पाण्यात घालायच्या, त्यानं चीक सुटतो, ती सवय चांगलीच आहे. फक्त ते पाणी टाकून द्यायचं आणि पुन्हा एकदा धार धरून धुवायचं. ते पाणी जनावराला पाजू नका.

आता सोलणं. देठाकडची बोटभर जाडीची चकती कापून टाका. मग सुरीनं साल काढा, थोडी जाडच काढा. साल काढून झाली की हात, सुरी आणि पाट धुवा, आणि मगच फोडी करा. नाहीतर सालीवरचं सुरीबरोबर गरात जातं. बाजारचा आंबा चोखून खायला पोरांना देऊ नका. देठ दातानं तोडून चोखायचा आंबा म्हणजे आपल्या झाडाचा किंवा ओळखीच्या झाडाचा.

आमरसाचंही बघा. आपली रीत अशी की आंबा सालीसकट हातानं मऊ करायचा, पिळायचा आणि शेवटी साली-कोयी पाण्यात नाहीतर दुधात खळबळून ते पाणी रसात ओतायचं. त्याचंच कुणी सार करतं. घरच्या आंब्याला ही रीत उत्तम, काही वाया जात नाही. बाजारच्या आंब्याला मात्र ती सोडा. त्याची साल आधी काढा, गर कापून घ्या आणि मग रस करा. कोय खळबळायची तर सोललेली कोय चालेल, साल नको. ज्या गटांच्या मैत्रिणी आमरस किंवा आंबापोळी करून विकतात, त्यांनी तर हे कटाक्षानं पाळावं, कारण ते दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात जाणार आहे. आणि शंकेच्या आंब्याच्या साली शेळीपुढं टाकू नका.

केळ्याचं थोडक्यात सांगते. केळं सोलूनच खातो, मग धुवायचं कशाला, असं वाटतं. पण ज्या हातानं साल धरतो त्याच हातानं गर धरतो, आणि पोरं तर दातानं सोलतात. म्हणून घड घरी आला की केळी धुवून पुसून ठेवा, आणि खाताना दोन्ही टोकं थोडी कापून टाका. केळं पिवळं आणि देठ हिरवा म्हणजे कार्बाइड, असं म्हणतात. चेंबरमधल्या केळ्याचा देठही हिरवट असतो, म्हणून त्यावर विसंबू नका. साल पिवळी आणि आत गर टणक, तुरट, हे दोन्ही असेल तर दुकान बदला.

पपईलाही हीच रीत, आधी धुवा, मग चिरा. चिकूची साल खायची सवय असेल तर बाजारच्या चिकूची साल काढून खा.

याहून चांगला मार्ग म्हणजे कच्चा, पण तयार झालेला आंबा आणून घरी आढी घालणं. पाच-सहा घरांनी मिळून ओळखीच्या बागायतदाराकडून कच्चा माल मागवला तर पेटी स्वस्तही पडते. आढीसाठी भाताचं पिंजर घ्या, कोरडं आणि न कुजलेलं. हवेशीर, अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पिंजराचा चार बोटं जाड थर करा. त्यावर आंबे एकमेकांना न दाबता एका थरात मांडा, वर पुन्हा पिंजर घाला. थरावर थर चढवायचे झाले तर दोनाच्या वर नको, खालचे दबून सडतात. पोत्यानं हलकं झाका, प्लास्टिकनं नको, आतला घाम सुटायला पाहिजे. चौथ्या दिवसापासून रोज एकदा हात फिरवा. मऊ झालेले खायला काढा, डाग पडलेला लगेच बाहेर काढा, कारण एक सडका आंबा आढी बिघडवतो. आठ-दहा दिवसांत बहुतेक होतात. सण जवळ आला असेल आणि घाई असेल, तर पाच-सहा आंबे आणि दोन पिकलेली केळी कागदी पिशवीत बांधून ठेवा. केळ्याचा इथिलीन वायू आंब्याला लागतो आणि एक-दोन दिवस वाचतात. हेच काम व्यापारी कार्बाइडनं करतो. आपण ते केळ्यानं करायचं. मात्र हिशेब उलटा मांडा. सण ज्या दिवशी आहे, त्याच्या दहा दिवस आधी कच्चा आंबा घरात यायला पाहिजे.

शेवटी दोन गोष्टी. फळ खाल्ल्यावर कुणाला घसा जळणं, उलट्या, चक्कर असं झालं, तर तोंड पाण्यानं खळखळून धुवायला सांगा. मुद्दाम उलटी करायला लावू नका. थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, जास्त असेल तर कोल्हापुरात सीपीआरला. काय खाल्लं आणि कधी, ते डॉक्टरांना सांगा. भुकटी डोळ्यात गेली तर डोळा चोळू देऊ नका. चेहऱ्यावरची कोरडी भुकटी फडक्यानं झटका आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार धरा, मग दवाखाना.

दुसरी गोष्ट तक्रारीची. आमच्या पेटीचे पैसे मिळाले, पण आम्ही तक्रार केली नाही. त्याची मला आजही चुटपुट वाटते, कारण तोच माल दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असेल. हे काम अन्न व औषध प्रशासनाचं आहे. त्यांचा मोफत फोन नंबर लिहून घ्या, १८०० २२२ ३६५. फोन करताना दुकानाची जागा, तारीख आणि काय सापडलं ते सांगा. पेटी, पुडी आणि पावती आहे तशी ठेवा, काही धुवू नका. पुडी कोरड्या बरणीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, झाकण मात्र घट्ट लावू नका. आणि ग्राहकाला स्वतःही फी भरून फळ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. फक्त तसा विचार असेल तर तो विकत घेतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. तपासणीत दोष निघाला तर भरलेली फी परत मिळते. एकट्या बाईला हे अवघड वाटेल. पण गटाच्या नावानं चौघीजणी दुकानात गेल्या आणि पावती मागून "हे आम्ही तपासायला देणार आहोत" म्हणाल्या, तर काय होतं ते एकदा करूनच बघा.

पावती मागायची सवय आजपासूनच लावून घ्या. आमच्याजवळ त्या दिवशी पुड्या होत्या, फोटो होता, फक्त पावती नव्हती.

चला, वेळ झाली. अक्षय्य तृतीयेच्या दहा दिवस आधी आढीची आठवण ठेवा. रामराम.